तारण नसतं, वही असते

“बचत गटाचं कर्ज म्हणजे खैरात. तारणच नाही, तर बुडवलं तरी बँक काय जप्त करणार? वर महिना दोन टक्के व्याज, म्हणजे सावकारीच की!”

खैरातीचं आधी. गटात बँकेचा पैसा सगळ्यात शेवटी येतो. समजा, बारा जणी दरमहा २०० रुपये टाकतात. सहा महिन्यांत १४,४०० रुपये जमतात आणि त्यातूनच त्या एकमेकींना कर्ज देतात. कोणाला किती द्यायचं ते बैठकीत, सगळ्यांसमोर ठरतं. आपल्याच पैशावर हे जमलं की मगच बँक गटाला दारात उभं करते. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गटांपासून ही जोडणी सुरू केली, तेव्हापासून क्रम हाच आहे.

आता जप्तीचं. गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. म्हणून अधिकारी घराचा उतारा न मागता गटाच्या वह्या मागतो. बैठका नियमित झाल्या का, हजेरी किती, आतलं कर्ज वेळेवर परत आलं का, हे तो बघतो. कर्ज गटाच्या नावावर असतं. एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्या अकरा जणींचं पुढचं कर्ज अडतं, आणि तिच्या घरची खरी परिस्थिती त्यांना बँकेपेक्षा जास्त ठाऊक असते.

ही व्यवस्था फसतच नाही, असं मात्र नाही. एखादी वजनदार बाई इतरांच्या नावावरचे पैसे स्वतःच उचलते, तेव्हा हप्तेही तीच भरते आणि ती अडकली की गट बुडतो. वहीत याची खूण सापडते. बँकेचं कर्ज आलं त्याच दिवशी सगळ्यांना समसमान वाटलेलं दिसलं, तर गरज कोणी विचारलीच नाही, हे समजावं. सहा महिन्यांच्या नोंदी एकाच शाईत, एका दमात लिहिलेल्या असल्या तर वही तपासणीच्या आदल्या रात्री भरली गेली असणार. आणि नोंदी सभासदांच्या हातातल्या पासबुकांशी जुळत नसतील, तर पुढे विचारायलाच नको.

राहिलं व्याज. एकीने गटातून ५,००० रुपये घेतले, महिना दोन टक्के, दहा हप्ते. पहिल्या महिन्यात व्याज १००, मुद्दलाचे ५०० फिटले की पुढच्या महिन्यात ९०, असं उतरत एकूण ५५० रुपये. हे व्याज गटाच्याच पेटीत पडतं, त्यात तिचाही वाटा असतो. हाच दर शेवटपर्यंत मूळ रकमेवर लावला, तर १,००० रुपये होतात. मायक्रोफायनान्स कंपनीच्या कर्जाचं गणित वेगळं आहे. तिथेही गट करतात, पण बचतीची पेटी नसते आणि व्याज कंपनीला जातं. सावकारीची शंका तिथे जरूर घ्यावी, आणि सही करण्याआधी व्याज उतरत्या शिलकेवर आहे की मूळ रकमेवर, ते विचारून घ्यावं.