फोन हॅक झालेला नाही, फॉरवर्डिंग काढायचे राहिले आहे

“फोन न वाजता कॉल थेट व्हॉइसमेलला जात असेल तर समजा फोन हॅक झाला. *#21# आणि *#62# लावून बघा, नंबर दिसला की कोणीतरी तुमचे बोलणे ऐकत आहे. ताबडतोब ##002# लावा आणि फोन रीसेट करा.”

हा मजकूर गणपतीच्या तोंडावर देवगड तालुक्यातल्या माझ्या काकूंच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आला आणि नेमका त्याच आठवड्यात काकांना कोणाचाच फोन लागेनासा झाला. “माझो मोबाइल हॅक झालो” असे काकांनी वाडीभर सांगितले. शेजारच्या मुलाने उत्साहाने फोन रीसेट करून दिला, त्यात आंब्याच्या गिऱ्हाइकांचे वर्षानुवर्षे जमवलेले नंबर गेले, आणि फोन तरीही वाजेना. वाजणार कसा? कॉल दुसऱ्या नंबरावर वळवण्याची, म्हणजे कॉल फॉरवर्डिंगची, नोंद हँडसेटमध्ये नसतेच. ती कंपनीच्या यंत्रणेत आपल्या नंबरापुढे असते. त्यामुळे फोन रीसेट करा, नवा घ्या किंवा त्यात अँटिव्हायरस भरा, ती नोंद जागची हलत नाही.

मी गावी पोहोचल्यावर पडवीत काकांशेजारी बसून त्यांना फोन लावला. त्यांचा स्क्रीन उजळलासुद्धा नाही, माझ्या कानात मात्र व्हॉइसमेलचा आवाज आला. मग मी त्यांच्या फोनमधली कॉलची यादी उघडली, तर तिथे माझ्या कॉलची नोंदच नव्हती. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू राहिले असते तर कॉल हँडसेटपर्यंत येऊन फक्त मुका राहिला असता आणि यादीत मिस्ड कॉल दिसला असता. नोंद नाही, याचा अर्थ कॉल वाटेतच वळवला जात होता. (1909 वर नोंदवायचे डीएनडी हे जाहिरातींच्या कॉलसाठी असते, त्याचा इथे काही संबंध नाही.) *#21# लावल्यावर जो नंबर दिसला तो काकांनी शेवटच्या चार आकड्यांवरूनच ओळखला, कारण तो घरातल्याच दुसऱ्या फोनचा होता. चैत्रात काढणी चालू असताना बागेत रेंज धड मिळत नाही, म्हणून त्यांनी सगळे कॉल घरच्या फोनवर वळवले होते. हंगाम संपल्यावर तो फोन बंद होऊन कपाटात गेला, आणि वळून आलेले कॉल त्याच्या व्हॉइसमेलमध्ये जाऊन पडू लागले. ##21# लावताच ती नोंद पुसली गेली आणि पुढचा कॉल काकांच्या हातात वाजला.

नंबर दिसला म्हणजे कोणीतरी ऐकत आहे, हे विधान तर हास्यास्पद आहे. हे कोड कोणा हॅकरचे नाहीत, ते मोबाइलच्या आंतरराष्ट्रीय मानकात, 3GPP TS 22.030 मध्ये, ठरवून दिलेले आहेत: 21 म्हणजे सरसकट फॉरवर्डिंग, 67 म्हणजे फोन व्यस्त असताना, 61 म्हणजे न उचलल्यास आणि 62 म्हणजे संपर्काबाहेर असताना. फॉरवर्ड झालेला कॉल दुसरीकडे जातो, तो दोन्हीकडे ऐकू येत नाही. काही फोनवर उत्तरात Sync, Async, Packet असे शब्द येतात आणि त्यांनी काकू फारच घाबरल्या होत्या. ते फॅक्सच्या जमान्यापासून चालत आलेले सेवांचे प्रकार आहेत. यंत्रणेच्या आतून खरोखर पाळत ठेवली जात असेल तर ती *#21# ला दिसणारही नाही.

खरे नुकसान करते ती ##002# ची सूचना. *#62# लावल्यावर दिसणारा अनोळखी नंबर बहुतेक वेळा कंपनीच्याच व्हॉइसमेलचा किंवा मिस्ड कॉल अलर्टचा असतो. घाटाच्या वळणांत रेंज गेल्यावर आलेले कॉल माथ्यावर पोहोचताच एसएमएसने कळतात, ते पुष्कळदा याच नोंदीच्या जोरावर. ##002# मात्र चारही प्रकारच्या नोंदी एकदम पुसून टाकतो. म्हणून आधी दिसलेला नंबर कागदावर उतरवून घ्यावा आणि नको असलेले तेवढेच फॉरवर्डिंग त्याच्या कोडने काढावे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. कुरिअरवाला किंवा कंपनीचा माणूस असल्याचे भासवून *401* आणि त्यापुढे एखादा मोबाइल नंबर लावायला सांगणारे भामटे खरोखर आहेत. तसे केल्यास कॉलवर येणारा ओटीपी त्यांच्याकडे जातो. त्यापायीच दूरसंचार विभागाने *401# या नावाने ओळखली जाणारी यूएसएसडी कोडने कॉल वळवण्याची सोय 15 एप्रिल 2024 पासून थांबवायला सांगितली. तेव्हा *#21# वर खरोखर अनोळखी नंबर दिसला तर तो पुसावा आणि बँकेला व कंपनीला कळवावे. पण तेव्हाही कोणी चोरून ऐकत नसते, कॉलच पळवलेला असतो.

काकूंनी मात्र माझी वाट न पाहता स्वतःच्या फोनवर ##002# लावून टाकले होते. त्यानंतर बाजारातून परतताना त्यांना मिस्ड कॉलचा एकही एसएमएस आला नाही, आणि ती सेवा पुन्हा सुरू करून घेण्यासाठी मला चतुर्थीच्या आदल्या दिवशी ग्राहक सेवा केंद्राला तीनदा फोन करावा लागला.