चार्ट एका शर्टाचा, शर्ट दुसऱ्याच कटचा

बाबांसाठी मागवलेल्या शर्टाचा रिव्ह्यू मी मापांसकट लिहिला होता. त्यावर आज विक्रेत्याचं उत्तर आलं : "कृपया योग्य साइज निवडा. एक साइज मोठा घेऊन पाहावा." डोकंच फिरलं. योग्य साइज निवडायला तर चार्ट उघडला होता ना!

बाबांचा जुना, अंगाला बरोब्बर बसणारा शर्ट मी आधी टेबलावर सपाट पसरून मोजला. सगळी बटणं लावलेली, सुरकुत्या हाताने काढलेल्या, टेप एका काखेच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत. 22 इंच. दुप्पट केले की छाती 44. चार्टमध्ये 42 नंबरसमोर "शर्टाची छाती 44" असं स्पष्ट लिहिलेलं. मान्य, काही चार्ट अंगाचं माप देतात, काही कपड्याचं, आणि त्यात लोकांचा घोळ होतो. पण इथे "शर्टाची" असा शब्द होता.

आलेला शर्ट तसाच पसरून मोजला तर काख ते काख साडेवीस. म्हणजे छाती 41. चार्टपेक्षा तीन इंच कमी! अर्ध्या इंचाचा फरक मीही धरणार नाही. कापताना, शिवताना तेवढं इकडेतिकडे होतं. पण तीन इंच म्हणजे दीड साइज झाला.

बाबांनी तो घातला आणि "नवा आहे म्हणून गं, होईल सैल" म्हणाले. बाबा असेच आहेत, कुणाला त्रास नको. मग माळ्यावरचा डबा काढायला हात वर केला, तर छातीवरच्या दोन बटणांमध्ये कापड फाकून आतलं बनियन दिसलं. बाबांची छाती 40 भरते. जुन्या शर्टात चार इंच सैल जागा होती, यात एकच इंच. नुसता दीर्घ श्वास घेतला तरी छाती त्याहून जास्त फुगते! कापड साधं सुती, ताणलं जाणारं नाही. आणि हा शर्ट अजून धुतलेलाही नाही. सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला दोन-तीन इतकं सहज आटतं, म्हणजे तो इंचही जाणार.

आता "मोठा साइज घ्या" याबद्दल, कारण राग त्याचाच आहे. बाकीची मापंही घेतली होती. पोट चार्टमध्ये 42, प्रत्यक्षात साडेअडतीस. शोल्डर, म्हणजे मागून एका खांद्याच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत, साडेअठराऐवजी साडेसतरा. पण कॉलर? काजाच्या मध्यापासून बटणाच्या मध्यापर्यंत साडेसोळा, चार्टप्रमाणे तंतोतंत. बाही 25, तीही बरोबर. उंचीत फक्त पाव इंचाचा फरक.

लेबल चुकून लहान साइजचा शर्ट पाठवला असता तर कॉलरही लहान भरली असती, कारण साइज बदलला की साधारण सगळीच मापं सरकतात. इथे रुंदीच तेवढी खाल्ली आहे. माझ्या मते शर्ट स्लिम कटचा आहे आणि पानावर रेग्युलर कटचा चार्ट चिकटवला आहे. मोठा साइज घेतला तर छातीत थोडी जागा मिळेल, पण कॉलर गळ्याभोवती सैल पडेल आणि बाही मनगटाखाली उतरेल. बाबांचा गळा काही मोठा झालेला नाही.

परत पाठवायची सोय आहे, हे खरं. ती वापरलीच आहे. पण बाबा आता म्हणतात, "राहू दे, माझंच पोट वाढलंय." हे मला सहन होत नाही. जुना शर्ट आजही त्यांना बसतो! खोटा आकडा छापला कुणी, आणि संकोच वाटतोय कुणाला?

उत्तर लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. त्याला बिचाऱ्याला ठरलेलं वाक्य चिकटवायला सांगितलं असेल. पण माझी सगळी मापं त्याच्यासमोर होती. टेप घेऊन स्टॉकमधला एक 42 नंबर काढून पाहायला कितीसा वेळ लागतो? काख ते काख, एवढं एकच माप.

त्यांना मी पुन्हा लिहिलंय : मला कूपन नको, त्या पानावर या कटची मापं टाका आणि "स्लिम" असं वर लिहा. टेपसकट फोटो रिव्ह्यूत आहेत. तुमच्यापैकी कुणी तोच शर्ट घेतला असेल तर धुण्याआधी, टॅग काढण्याआधी तो सपाट पसरून मोजा आणि आकडा तिथे लिहा. चार्ट अजून तसाच आहे, आत्ताच पाहिला.