सगळ्यात मोठा अल्फा आणि मावशीची पुंजी

“शार्प बघा, ट्रेनॉर बघा नाहीतर अल्फा बघा, तिन्हींचं उत्तर शेवटी एकच. मग सोपा अल्फाच बघा. अल्फा म्हणजे बाजारापेक्षा वर मिळालेला नफा. ज्याचा अल्फा सगळ्यात मोठा तो फंड सगळ्यात चांगला. बाकीचे मोडा आणि सगळे पैसे त्यात टाका!”

फंडाचा परतावा जोखमीशी ताडून बघणाऱ्या या तीन मापांबद्दलचा हा मजकूर मला तीन गटांतून आला होता, तोवर मी दुर्लक्ष केलं. मग मावशीचा फोन आला. शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर मिळालेली जवळजवळ सगळी रक्कम तिने इंडेक्स फंडात ठेवली आहे. ती मोडून औषध कंपन्यांच्या एका फंडात टाकायचा अर्ज तिने भरून ठेवला होता. “अगं, त्याचा अल्फा २.२ आहे आणि आपल्या इंडेक्सचा शून्य. मग थांबायचं कशाला?” म्हणून त्या मजकुराच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण नुकसान तिथे आहे.

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल करून घेते. मुदत ठेवीसारखं बिनजोखमीचं व्याज ६ टक्के धरू. बाजाराने, म्हणजे इंडेक्सने, वर्षाला सरासरी १२ टक्के दिले आणि त्याचं प्रमाणित विचलन, म्हणजे वर्षागणिक होणारा चढउतार, १५ टक्के. औषध फंडाने १३ टक्के दिले, चढउतार २४ टक्के, बीटा, म्हणजे बाजाराबरोबर हलण्याचं प्रमाण, ०.८.

शार्प रेशो काढायला व्याजाच्या वर मिळालेल्या परताव्याला एकूण चढउताराने भागायचं. इंडेक्स: ६ भागिले १५, म्हणजे ०.४०. औषध फंड: ७ भागिले २४, म्हणजे ०.२९. इंडेक्स पुढे. ट्रेनॉरमध्ये वरची रक्कम तीच, भागायचं मात्र बीटाने. इंडेक्सचे ६, औषध फंडाचे ७ भागिले ०.८, म्हणजे ८.७५. आता औषध फंड पुढे. अल्फासाठी ०.८ बीटाच्या हिशेबाने जेवढं मिळायला हवं होतं ते, म्हणजे ०.८ गुणिले ६ बरोबर ४.८, सातातून वजा करायचं. उरले २.२. इथेही औषध फंडच पुढे.

एकाच फंडाबद्दल दोन उलट निकाल येतात, कारण बीटा फक्त बाजाराबरोबर होणारी हालचाल मोजतो. औषध कंपन्यांना स्वतःचे वेगळे धक्के बसतात: अमेरिकी नियामकाने कारखान्यातल्या त्रुटी काढल्या, एखाद्या औषधाचा भाव पडला. ते बाजाराबरोबर येत नाहीत, म्हणून बीटात दिसत नाहीत, पण चढउताराच्या २४ टक्क्यांत ते पुरेपूर असतात. ट्रेनॉर आणि अल्फा दोन्ही गृहीत धरतात की हे धक्के तुमच्या बाकीच्या गुंतवणुकीत विरून जातील. मावशीने सगळी रक्कम याच फंडात टाकली तर ते विरायला बाकीचं उरतंच कुठे?

तिला मी असा हिशेब सांगितला. तुला इंडेक्सएवढाच धक्का सोसायचा असेल तर शंभरातले ६२.५० रुपये औषध फंडात आणि ३७.५० बिनजोखमीच्या ६ टक्क्यांत ठेवावे लागतील. तेव्हा चढउतार १५ टक्क्यांवर येईल आणि परतावा १०.४ टक्क्यांच्या आसपास. तेवढ्याच धक्क्यात इंडेक्स १२ देत होता.

हाच फंड छोटा तुकडा म्हणून घेतला तर चित्र पालटतं, हे मात्र मान्य करायला हवं. ९० टक्के इंडेक्स आणि १० टक्के औषध फंड ठेवला तर परतावा १२.१ टक्के होतो आणि चढउतार १५ वरून १४.८५ वर उतरतो. शार्प ०.४० चा ०.४१ होतो. सकारात्मक अल्फाचा खरा अर्थ एवढाच: आधीच्या गुंतवणुकीत थोडीशी भर घातली तर फायदा. सगळं त्यात ओतावं असं तो कधीच सांगत नाही.

“तिन्हींचं उत्तर एकच” यातही अर्धं सत्य आहे, नाइलाजाने कबूल करते. विल्यम शार्प यांनी १९६६ साली ३४ अमेरिकी फंड तपासले, तेव्हा त्यांच्या आणि ट्रेनॉरच्या क्रमवारीत फारसा फरक पडला नाही. पण ते फंड अनेक क्षेत्रांत विखुरलेले होते. बहुतेक चढउतार बाजाराचाच असेल तर दोन्ही भाजक जवळजवळ सारखंच मोजतात. पैसे नीट विखुरलेले नसल्यामुळे येणारा चढउतार ट्रेनॉरच्या मापातून निसटतो, हे शार्प यांनी तिथेच लिहिलं आहे. (त्या ३४ पैकी ११ फंडच डाउ जोन्सच्या पुढे होते, हेही फॉरवर्ड करणाऱ्यांनी वाचावं.) तुमचा फंड कोणत्या प्रकारचा आहे हे आर-स्क्वेअर्डवरून कळतं. वरच्या औषध फंडाचा तो ०.२५ येतो, म्हणजे हालचालीचा चौथा हिस्साच बाजारामुळे. एवढ्या कमी आकड्यावर बीटाच तकलादू, मग त्यावर उभा राहिलेला अल्फाही तसाच.

ट्रेनॉर आणि अल्फा दोघे बीटावरच चालतात, तरी त्यांचंही जमतं असं नाही. एक सांभाळून चालणारा फंड घ्या: परतावा १०.५, बीटा ०.५. त्याचा ट्रेनॉर ९, म्हणजे औषध फंडाच्या वर, अल्फा १.५, म्हणजे खाली. कारण अल्फा बीटाबरोबर ताणता येतो. ६ टक्क्यांनी उसने पैसे घेऊन याच फंडात १.६ पट रक्कम लावली तर बीटा ०.८ होतो आणि अल्फा २.४, म्हणजे औषध फंडापेक्षा जास्त. वेगवेगळ्या बीटाचे फंड नुसत्या अल्फाने लावू नका, अल्फाला बीटाने भागून बघा.

“बाजारापेक्षा वर मिळालेला नफा” हे तर साफ चूक. औषध फंडाने बाजारापेक्षा एकच टक्का जास्त दिला, २.२ हा आकडा फंडाचा बीटा एकापेक्षा कमी असल्यामुळे आला. शिवाय तुलना कशाशी केली तेही बघा. इंडेक्समध्ये लाभांश धरलेला नसेल तर अल्फा फुकटचा फुगतो. म्हणूनच सेबीने फेब्रुवारी २०१८ पासून लाभांशासह इंडेक्सशीच तुलना बंधनकारक केली. जुने तक्ते अजून फिरतात.

आणि हा २.२ किती भरवशाचा? फॅक्टशीटमधले हे आकडे बहुधा ३६ महिन्यांवरून काढतात. औषध फंडाचा बाजाराशी संबंध नसलेला चढउतार वर्षाला सुमारे २१ टक्के येतो. तीन वर्षांच्या सरासरीत तो तीनाच्या वर्गमुळाने भागला जातो, म्हणजे चूक अधिक-उणे १२ टक्के. अल्फा २.२, चूक १२! हा अल्फा नशिबाचा नाही असं नेहमीच्या कसोटीवर ठरवायला याच आकड्यांनी साडेतीनशे वर्षांची नोंद लागेल. हे ऐकल्यावर मावशी थोडा वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, “म्हणजे दहा टक्केसुद्धा नकोतच ना?” मी म्हटलं, हो, एवढ्या एका आकड्यावर तेही नकोत. अर्ज तिने दिला नाही.