छापील अक्षरं म्हणजे कॅप्शन नव्हे

‘व्हिडिओवरच अक्षरं छापली की कॅप्शन झालं, वेगळी फाईल कशाला?’ – सांगलीतल्या व्हिडिओ करणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज.

हे अर्धंच खरं आहे. छापलेली अक्षरं चित्राचाच भाग होतात. ती मोठी करता येत नाहीत, यूट्यूबला त्यांचं भाषांतर करता येत नाही आणि उभ्या व्हिडिओत खालची ओळ बटणांमागे जाते. एसआरटी ही कॅप्शनची वेगळी फाईल मात्र साधा मजकूर असते. हळदीच्या सौद्याच्या व्हिडिओसाठी ती अशी लिहावी:

```
1
00:00:04,000 --> 00:00:07,000
[गलका]
अडत्या: राजापुरी हळद, बोला!
```

सेकंदांनंतर स्वल्पविराम हवा, टिंब नको. कोण बोललं आणि कसला आवाज आला हेही लिहावं, कारण ऐकू न येणाऱ्याला पडद्याबाहेरचा माणूस कळणार कसा? (छापताना नेमकं हेच गळतं.) फाईल UTF-8 मध्ये सेव्ह करा. नोटपॅडमध्ये ANSI राहिलं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. यूट्यूब स्टुडिओत अपलोड करताना With timing निवडा.

रीलवर छापायचंच असेल तर खुशाल छापा, पण अक्षरं बटणांच्या वर घ्या. यूट्यूबवर मात्र फाईलच द्या, छापलंही आणि फाईलही दिली तर एकावर एक दोन ओळी दिसतील.