गुडघ्यावरचा डोंगर

भाच्याच्या लग्नात मी सासूबाईंची पैठणी नेसले होते. हळदी रंग, हिरवे काठ, पदरावर मोर. ती देताना त्यांनी एकच वाक्य म्हटलं होतं, "जपून हं, घाबरू नकोस." त्यामुळे सकाळपासून मी घाबरलेलीच होते.

पंगतीत बटाट्याची भाजी वाढणारा मुलगा माझ्यापाशी आला तेव्हा त्याचं लक्ष समोरच्या रांगेतल्या कुणाकडे तरी होतं. डावातली भाजी पानात पडली, पण डावाच्या बुडाला लोंबणारा फोडणीचा थेंब माझ्या डाव्या गुडघ्यावर. एकच थेंब. रेशमावर तो पडला तेव्हा हरभऱ्याएवढा होता. मी "अगंबाई" म्हणेपर्यंत रुपयाएवढा झाला.

आता अशा वेळी माणूस गप्प राहिला तर निम्मं काम होतं. पण मी ओरडले. लगेच शेजारच्या मावशी पेल्यातल्या पाण्यात रुमाल बुडवून माझ्या गुडघ्यावर चालून आल्या. मी त्यांचा हात हवेत धरला. पाण्याने तेल निघत नाही आणि रेशमावर पाण्याचा स्वतःचा वेगळा डाग पडतो. शिवाय घासलं की रेशमाची बारीक तंतूंची लव उठते, ती जागा पांढुरकी, निस्तेज दिसायला लागते, आणि डाग एक वेळ जाईल पण ती लव परत कधी बसत नाही. मावशींना एवढं सगळं सांगायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "मावशी, जिलबी आली." त्या वळल्या.

कागदी रुमाल डागावर नुसता टेकवला. दाबायचा, उचलायचा, कोरडी बाजू पुढे करून पुन्हा टेकवायचा. तीन वेळा कागदावर पिवळा ठिपका उमटला, चौथ्यांदा नाही. वरवरचं तेल आलं होतं. उरलेलं धाग्यांच्या मधे जाऊन बसलं होतं.

वधूपक्षाच्या खोलीत एका बाळाची आई बसली होती. ते तेल शोषून घ्यायला पावडर हवी होती, आणि बाळाची पावडर हा माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच इतका मोठा विषय झाला. खोलीतल्या बाकीच्यांनी दुसरे पर्यायही सुचवले. एकीने नवरीच्या मेकअपची डबी पुढे केली, म्हणजे तेलाच्या डागावर गव्हाळ रंगाचा डाग. एकीने स्वयंपाकघरातून डाळीचं पीठ आणवलं, जणू माझ्या गुडघ्याची भजी करायची होती. कोपऱ्यात कॅरम खेळणाऱ्या पोरांनी अगदी उदारपणे बोर्डावरची पावडर देऊ केली. ती सोंगट्या घसरवायला असते, आणि मला आता घसरलेलं काहीच नको होतं. पांढरी, बिनरंगाची, अगदी बारीक पावडर हवी. टाल्कम असो की मक्याचं पीठ, दोन्ही चालतात.

मी गादीवर पाय पसरून बसले. साडी आणि परकराच्या मधे दुमडलेला कागदी रुमाल सरकवला, नाहीतर तेल खाली परकरात उतरतं आणि मग दोन वस्त्रांची काळजी. डागावर पावडर ओतली, दशमीच्या जाडीचा थर, डागाच्या कडेपलीकडे बोटभर. चोळली नाही. निरांजनातली वात तेल वर ओढते ना, तसंच हे आहे. पावडरीच्या कणांमधल्या फटी रेशमाच्या धाग्यांमधल्या फटींपेक्षा लहान असतात, म्हणून तेल आपण होऊन तिकडे चढतं. त्याला फक्त वेळ लागतो.

आणि वेळ हीच गोष्ट लग्नात कुणी कुणाला देत नाही. "घरचे सगळे फोटोला या" अशी हाक आली. मी गुडघ्यावर पांढरा डोंगर घेऊन बसलेली. कुणीतरी दार उघडून पाहिलं, "हिला काय झालंय?" आतून उत्तर गेलं, "पाय दुखतोय." पाच मिनिटांत माझ्या पायासाठी मलम आलं. तेलकट मलम. ते मी दोन हातांनी थोपवलं.

वीस मिनिटांनी पावडरीकडे पाहिलं तर मधोमध तिच्या गुठळ्या झाल्या होत्या, पिवळसर आणि ओलसर. हे पाहून जो आनंद झाला तो नवऱ्याला सांगूनही कळला नाही. गुठळ्या म्हणजे तेल चढलं. पावडर झटकली, मऊ ब्रशने धाग्याच्या दिशेने हलकेच काढली, नवा थर टाकला. तेवढ्यात सासूबाईच आत आल्या. मी आहेराचं खोकं मांडीवर ओढलं. त्या म्हणाल्या, "अगं, बस, बस. पाय दुखतोय ना?"

रात्री घरी आल्यावर साडी सोडून पलंगावर सपाट पसरली आणि तिसरा थर रात्रभर ठेवला. नवऱ्याने टिपकागद ठेवून इस्त्री फिरवायची तयारी दाखवली. त्याच्या हातात इस्त्री लग्नानंतर पहिल्यांदाच दिसत होती, तरी मी नाही म्हटलं. उष्णतेने तेल पातळ होऊन पसरतं आणि पिवळं पडून धाग्याला चिकटायला लागतं. सकाळी पावडर जशी टाकली होती तशीच कोरडी, भुरभुरीत निघाली. म्हणजे तिला प्यायला काही उरलं नव्हतं. साडी खिडकीपाशी धरली. तेल असेल तर तेवढा भाग प्रकाशात तेलकट कागदासारखा पारदर्शक दिसतो. तसं काही दिसलं नाही. फोडणीतली हळद मात्र पावडर पीत नाही, ती धाग्यावर राहिलीच असणार. पण हळदी साडीवर हळद कुठे आहे हे शोधायला देवच हवा. मोतिया साडी असती तर मी हा लेख वेगळ्या सुरात लिहिला असता.

तरी ड्रायक्लीनवाल्याकडे न्यायची होतीच, आणि काय सांडलं, त्यावर काय टाकलं हे त्याला खरं सांगायचं होतं. पण त्याआधी सासूबाईंना सांगणं आलं. मी सगळं कबूल केलं. त्यांनी चष्मा लावला, साडी उजेडात धरली आणि इंच इंच पाहत गेल्या. माझा श्वास थांबलेला. मग एका जागी बोट ठेवलं. "हा काय?"

तिथे नखाएवढा तपकिरी ठिपका होता. पण तो गुडघ्यापाशी नव्हता, पदराच्या टोकाजवळ होता.

"आई, हा माझा नाही."

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "नाहीच," त्या म्हणाल्या. "हा माझा. नणंदेच्या लग्नातला शिरा. त्या वेळी दिसला नाही म्हणून घडी घालून ठेवली."

मग दार लोटून घेतलं, माझ्या हातातला डबा घेतला आणि त्या ठिपक्यावर स्वतःच पावडर टाकली, दशमीच्या जाडीची. मी म्हटलं, इतक्या वर्षांत तुपाचा रंग पालटून ते धाग्यालाच धरून बसलंय, आता पावडरीने काही होणार नाही. "असू दे," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पावडर अगदी कोरडी निघाली. त्यांनी आणखी एक थर टाकला, आणि मला म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना सांग, माझा पाय दुखतोय."