कव्हर फोटोची "साईझ काय?" हा प्रश्नच चुकतोय

गेल्या महिन्यात आमच्या ओळखीच्या एका काकूंचं काम केलं. सांगलीत त्यांचं छोटं पोळी-भाजी केंद्र आहे, सकाळी डबे जातात, संध्याकाळी लोक पोळ्या मोजून घेऊन जातात. दुकानाचा सहा बाय तीनचा फ्लेक्स मीच केला होता, तर त्यांच्या मुलाने फेसबुक पेज काढलं आणि मला म्हणाला दादा तोच फोटो कव्हरला लावतो, वेगळं काही नको. मी पण म्हटलं लाव. फाईल पाठवली आणि विसरून गेलो.

दोन दिवसांनी काकूंचा फोन. "अरे, माझ्या दुकानाचं नाव असं कसं लिहिलंस तू?" मी माझ्या फ्लेक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर पेज उघडलं तर वर मोठ्या अक्षरात "पाळा-भाजा कद्र".

अक्षरं मी बरोबर लिहिली होती. झालं काय, तर कव्हर वरून कापलं गेलं आणि ते बरोब्बर शिरोरेषेवर कापलं गेलं. पोळीची मात्रा गेली, वेलांटी गेली, केंद्रची मात्रा आणि टिंब गेलं. इंग्रजी अक्षर वरून थोडं कापलं तर ते अर्धं कापलेलं दिसतं, बघणाऱ्याला कळतं की काहीतरी कापलंय. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वरचं गेलं तरी खाली अख्खा, नीट दिसणारा, पण चुकीचा शब्द उरतो. बघणाऱ्याला वाटतं यांना शुद्ध लिहिता येत नाही. दहा वर्षं डबे देणाऱ्या बाईच्या नावावर हे यावं याचं मला खरंच वाईट वाटलं, म्हणून त्या दिवशी बाकीची कामं बाजूला ठेवून याच्या मागे लागलो.

कापलं का जातं ते आधी सांगतो. फेसबुक पेजचं कव्हर कॉम्प्युटरवर ८५१ बाय ३१५ पिक्सेलमध्ये दिसतं आणि मोबाईलवर ६४० बाय ३६० मध्ये. हे आकडे पाठ करायची गरज नाही, आकार डोळ्यासमोर आणा. कॉम्प्युटरवरची चौकट लांबट पट्टीसारखी आहे, उंचीच्या पावणेतीन पट रुंद. मोबाईलवरची टीव्हीच्या स्क्रीनसारखी, उंचीच्या पावणेदोन पट. फोटो एकच आणि चौकटी दोन, त्यामुळे एकीत वर-खाली कापणार किंवा दुसरीत डावी-उजवीकडे कापणार, किंवा दोन्हीकडे थोडं थोडं. दोन्हीकडे अख्खा दिसेल असा फोटो या जगात बनूच शकत नाही.

आता फ्लेक्सचं गणित बघा. सहा बाय तीन म्हणजे उंचीच्या दुप्पट रुंद. तो पावणेतीन पटीच्या चौकटीत बसवला की रुंदी पूर्ण येते आणि उंचीतला साधारण पाव भाग बाहेर जातो, अर्धा वरून, अर्धा खालून. बोर्डावर मोजलं तर वरचा पावणेपाच इंचाचा पट्टा आणि खालचा तेवढाच. आणि आपण सगळे फ्लेक्सवाले वर नाव आणि खाली पट्टीत मोबाईल नंबर हेच वर्षानुवर्षं करतोय, म्हणजे जे कापायला नको नेमकं तेच आपण काठावर नेऊन ठेवतो. रस्त्यावरच्या बोर्डाला ते बरोबर आहे, तिथे काठ कोणी कापत नाही.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवा, घाबरून परत परत अपलोड करत बसायचं वाचेल. कव्हरवर क्लिक करून फोटो उघडा. उघडल्यावर अख्खा दिसत असेल तर फाईल शाबूत आहे, फक्त चौकटीतून कमी दिसतंय. उघडल्यावर पण कापलेलाच असेल तर तो पाठवतानाच कोणीतरी क्रॉप केलाय. आणि कापलेला नाही पण धुरकट दिसतोय हा तिसराच आजार, बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवल्यामुळे तो बारीक झालेला असतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मग मी काय केलं, तर जे सगळे करतात तेच केलं. साईझ शोधली, बरोब्बर ८५१ बाय ३१५ चं नवीन कव्हर बनवलं, डावीकडे पोळीचा फोटो, मध्ये नाव, उजवीकडे नंबर. कॉम्प्युटरवर लावलं, एकदम छान, एक पिक्सेल इकडेतिकडे नाही. काकूंना सांगितलं झालं काम.

संध्याकाळी काकू स्वतः फोन घेऊन माझ्या दुकानात आल्या, काउंटरवर ठेवला आणि नुसतं बोट दाखवलं. नंबरचे सहाच आकडे दिसत होते. शेवटचे चार गायब. डावीकडची पोळी अर्धी.

ही दुसरी चूक पहिल्यापेक्षा मोठी होती असं माझं मत आहे. कारण मी जे बघत होतो ते बरोबर दिसत होतं. लांबट पट्टी मोबाईलच्या चौकटीत बसवली की उंची पूर्ण येते आणि दोन्ही बाजूंचे जवळपास १४५-१४५ पिक्सेल बाहेर जातात, म्हणजे ८५१ पैकी मधले ५६० च दिसतात. एक तृतीयांश फोटो गेला! आणि काकूंचं गिऱ्हाईक कोण, तर हॉस्टेलची पोरं, नोकरीवाल्या बायका, सगळे मोबाईलवरच बघणार. आम्ही मात्र बावीस इंची मॉनिटरवर बघून "ओके" म्हणतो.

म्हणून मी म्हणतो "कव्हरची साईझ काय" हा प्रश्नच चुकतोय. गिऱ्हाईकाने तो विचारला तर ठीक, पण आपण डिझाईन करणाऱ्यांनी विचारायचा तो "हे कुठं कुठं दिसणार आहे" असा. एकदा हे कळलं की काम अवघड नाही. कागद असा घ्यायचा जो दोन्ही चौकटींच्या मधला असेल, आणि दोन्ही चौकटींत जेवढा भाग सामाईक दिसतो तेवढ्यातच महत्त्वाचं सगळं ठेवायचं. सेफ झोन म्हणतात तो हाच.

मी १६४० बाय ७२० चं पान घेतो. मोबाईल याची उंची पूर्ण दाखवतो आणि डावी-उजवीकडून १८० - १८० खातो. कॉम्प्युटर रुंदी पूर्ण दाखवतो आणि वर-खाली साधारण ५६ - ५६ खातो, मी ते ६० धरतो. मग गाईडलाईन टाकायच्या, उभ्या १८० आणि १४६० वर, आडव्या ६० आणि ६६० वर. मध्ये १२८० बाय ६०० चा डबा तयार होतो. नाव, नंबर, वेळ, पत्ता सगळं त्या डब्यात. डब्याच्या आतही खालचा डावा कोपरा मी मोकळा सोडतो कारण तिथे प्रोफाईलचा गोल येऊन बसतो.

आता बाहेरच्या पट्ट्यांचं काय, तर त्या पांढऱ्या सोडायच्या नाहीत, कारण कुठल्या ना कुठल्या स्क्रीनवर त्या दिसणारच आहेत. तिथे असं काहीतरी द्यायचं जे दिसलं तर चांगलं आणि कापलं तर कोणाला कळणार पण नाही. काकूंच्या कव्हरमध्ये मी ओट्याचा काळा दगड दोन्ही बाजूंना पसरू दिला, त्यावर पिठाची थोडी भुरभुर.

आणि मराठीसाठी एक गोष्ट जास्तीची, जी मला कुठल्याच तयार टेम्प्लेटमध्ये दिसली नाही. आडवी गाईड शिरोरेषेला टेकवू नका. वेलांटीचं, रफाराचं, टिंबाचं सगळ्यात वरचं टोक जिथे आहे तिथून मोजा, आणि खालून मोजताना अक्षराच्या पायापासून न मोजता उकाराच्या शेपटापासून मोजा. काही फॉन्टमध्ये वेलांटी टेक्स्टच्या डब्याच्याही बाहेर डोकावते, म्हणजे सॉफ्टवेअर दाखवतं डबा आत आहे आणि वेलांटी बाहेर असते. डोळ्यांनी बघा, आकड्यांवर जाऊ नका.

प्रोफाईल फोटोचं दुखणं वेगळं. तिथे आपण चौरस देतो आणि दिसतो गोल. चारही कोपरे जातात हे सगळ्यांना माहीत असतं, पण खालची नावाची पट्टी किती आखडते ते लक्षात येत नाही. हजार पिक्सेलचा चौरस घ्या, खालच्या काठापासून शंभर पिक्सेल वर नाव लिहा, तर तिथे गोलाच्या आत फक्त सहाशे पिक्सेल रुंदी उरते. पन्नासवर लिहिलं तर साडेचारशेच्याही आत. काकूंच्या जुन्या प्रोफाईलमध्ये असंच नाव खाली होतं आणि पहिलं-शेवटचं अक्षर दोन्ही खाल्लं गेलेलं. हजारच्या चौरसात मधला सातशे बाय सातशेचा चौकोन हा गोलात पूर्ण बसतो, लिहायचंच असेल तर त्यात. पण माझं स्पष्ट मत आहे की प्रोफाईलमध्ये लिहूच नये, नाव शेजारी दिसतंच. आम्ही तव्यावर टम्म फुगलेली एक पोळी लावली, वरून काढलेला फोटो, चारही बाजूंनी थोडी जागा सोडून. गोलात गोल, कापायला काही राहिलंच नाही.

हे फक्त फेसबुकचं नाही. यूट्यूबच्या बॅनरला २०४८ बाय ११५२ ची इमेज लागते, पण सगळ्या स्क्रीनवर हमखास दिसणारा भाग मधला १२३५ बाय ३३८ एवढाच, कारण तीच इमेज टीव्हीवर पूर्ण दिसते आणि बाकी ठिकाणी नुसती पट्टी. इन्स्टाग्रामने २०२५ च्या जानेवारीत प्रोफाईलवरचे चौकोन उभे केले, तेव्हा लोकांचे आधीच टाकलेले, चौरसासाठी मोजूनमापून केलेले फोटो एका रात्रीत वेगळे कापले गेले. म्हणून मी डब्याच्या आतही अजून थोडी जागा सोडतो, अगदी रेषेला चिकटवून काही ठेवत नाही.

आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर (मला पण बसत नव्हता) एक पट्टीची इमेज बनवा. १६४० बाय ७२० च्या पानावर दर वीस पिक्सेलला रेघ, चारही काठांवरून आत मोजत आकडे, शिवणाच्या टेपसारखं. एखादं रिकामं टेस्ट पेज काढून तिथे ती कव्हरला लावा. मग कॉम्प्युटरवर कुठल्या आकड्यापासून दिसतंय आणि तुमच्या फोनवर कुठल्या, ते नुसतं वाचायचं. कॉम्प्युटरवर फोटो वर-खाली सरकवून सेव्ह करता येतो, तो सरकलेला नाही ना ते पण त्यात लगेच कळतं. मी माझ्या फोनवर, मुलाच्या फोनवर आणि काकूंच्या जुन्या फोनवर तिन्हीकडे वाचलं, मगच खरं कव्हर लावलं.

आता दुकानात फ्लेक्सचं काम आलं आणि गिऱ्हाईक म्हणालं फेसबुकला पण हाच टाकू, तर मी तीच फाईल देत नाही. अर्धा तास जास्त घेतो, दीडशे रुपये जास्त सांगतो, आणि देण्याआधी त्यांच्याच फोनवर उघडून नंबरचे दहा आकडे त्यांना मोठ्याने वाचायला लावतो. काकूंनी वाचले तेव्हा दहावा आकडा वाचून त्या थांबल्या, मग वर जाऊन बोटाने वेलांटी दाखवली आणि म्हणाल्या, "हां, आता पोळी झाली."