शुगर नॉर्मल आली म्हणून तळपायांच्या आगीची चौकशी संपत नाही

"रात्री तळपायांची आग होते आणि शुगर नॉर्मल आहे? मग ही नुसती अंगातली गरमी आहे, नसांचा आजार नाही. झोपताना काशाच्या वाटीने तूप चोळा, वाटी काळी पडली की समजा गरमी निघाली. सोबत सात दिवस लाल सुई घ्या, आग कायमची बंद. दारूचा आणि थायरॉइडचा याच्याशी काही संबंध नाही. रक्ताच्या तपासण्या म्हणजे पैसे उकळणे. गरजूंना पुढे पाठवा."

पुढे पाठवल्या जाणाऱ्या या संदेशातला गरमीचा मुद्दा घरच्या घरी तपासता येतो. आग होत असताना घरातल्या दुसऱ्या माणसाने त्या तळपायाला हात लावून पाहावा. बहुतेक वेळा पाय हाताला नेहमीसारखाच, कधी गारही लागतो, कातडीवर लाली किंवा सूज नसते आणि तरीही त्या माणसाला निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखे वाटत असते. म्हणजे उष्णता पायात नाही, उष्णतेची खबर मेंदूकडे नेणारी नसच चुकीची खबर देते आहे. वेदना आणि तापमान कळवणारे तंतू अत्यंत बारीक असतात, त्यांतले सर्वांत लांब तंतू तळपायापर्यंत जातात आणि पोषण कमी पडले किंवा विषारी पदार्थ भिनला की आधी हेच लांब तंतू कुरकुरू लागतात. म्हणून आग दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होते आणि हळूहळू वर चढते. दिवसा कामाच्या नादात ती जाणवत नाही, खाटेवर पडल्यावर मात्र लक्ष द्यायला दुसरे काही उरत नाही आणि पांघरुणाच्या उबेने ती आणखी वाढते. एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे: नसांची तारा लावून केलेली तपासणी, म्हणजे एनसीव्ही, जाड तंतूंची असते, त्यामुळे फक्त बारीक तंतू बिघडलेले असतील तर ती नॉर्मल येऊ शकते. हाताला पाय खरोखर गरम आणि लालबुंद लागत असेल तर तो निराळा विकार आहे, आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर तोही निराळा.

काशाच्या वाटीशी माझे भांडण नाही. चोळल्याने थोडा वेळ बरे वाटते, कारण स्पर्शाची खबर वेदनेच्या खबरेला काही काळ मागे सारते. पण काळेपणा हा पुरावा नव्हे. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू; तुपासोबत घासला की त्याचा काळसर लेप सुटतो, आणि ज्याच्या पायांची आग कधीच झाली नाही अशा घरच्या मुलाच्या तळपायावर वाटी फिरवली तरी ती तशीच काळी पडते.

खरा घोळ लाल सुईचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. यवतमाळ जिल्ह्यातले पन्नाशीचे एक शेतकरी दवाखान्यात आले तेव्हा त्यांचे म्हणणे एवढेच होते: "दिवसा काई नाई, पन खाटेवर पडलो का तळपायाची आग होते, वल्ला फडका गुंडाळून झोपा लागते." उपाशीपोटी साखर ९४, जेवणानंतर दोन तासांनी १२१, तीन महिन्यांची सरासरी ५.५, म्हणजे मधुमेह नाही. गावातच त्यांनी पाच लाल सुया घेतल्या होत्या, आठवडाभर बरे वाटले आणि आग पुन्हा सुरू झाली. त्यानंतर कोणीतरी बी-१२ तपासायला सांगितले आणि ते दीड हजाराच्या वर निघाले. अहवालावर "जास्त" असे छापून आल्यामुळे घरच्यांनी बी-१२ चा विषय तेथेच संपवला.

हा अहवाल निरुपयोगी होता. लाल सुईतला लाल रंग बी-१२ चाच असतो, आणि सुई टोचल्यावर रक्तातली पातळी एकदम चढते व काही आठवडे चढलेली राहू शकते; पण नसा त्या काही दिवसांत दुरुस्त होत नाहीत. सुईआधी रक्त घेतले असते तर २०० पिकोग्रॅमच्या खालचा आकडा कमतरता दाखवून गेला असता, आणि २०० ते ३०० मधला आकडा संशय कायम ठेवून गेला असता. आता ती वाट बंद झाली होती.

सुदैवाने त्यांच्या पिशवीत सुयांच्या आधीचा, गावातल्या शिबिरातला रक्ताचा साधा अहवाल होता. हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे थोडेसेच कमी, पण लाल पेशींचे सरासरी आकारमान, ज्याला एमसीव्ही म्हणतात, ते ११० होते. साधारणपणे ते शंभरच्या आत असते. पेशी अशा फुगण्याची नेहमीची कारणे म्हणजे बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडची कमतरता, दारू आणि मंदावलेले थायरॉइड. त्यांची दारू तीन वर्षांपूर्वी माळ घातली तेव्हाच सुटली होती, आणि दारूने फुगलेल्या पेशी ती सोडल्यावर काही महिन्यांत पूर्ववत होतात. थायरॉइडच्या तपासणीतले टीएसएच ६.४ होते, म्हणजे किंचित वाढलेले, एवढ्याने पाय जळत नाहीत. माळेसोबत मटण, मासे आणि अंडी सुटली होती, घरचे दूध डेअरीला जात होते आणि घरात चहा कोराच होत होता. त्यात भर म्हणून ॲसिडिटीची गोळी दोन वर्षांपासून रोज उपाशीपोटी चालू होती; अन्नातले बी-१२ सुटे होण्यासाठी पोटातले आम्ल लागते, आणि ते आम्लच ही गोळी कमी करते. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे माळ घातल्यानंतर त्रास सुरू व्हायला इतका वेळ लागला यात नवल नाही.

शरीरानेही साक्ष दिली. जीभ गुळगुळीत होती, बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडली होती. शेतातल्या माणसाच्या हातावर हा काळेपणा उन्हाचा म्हणून सहज निसटतो. ट्यूनिंग फोर्क अंगठ्यावर ठेवला तर थरथर कळत नव्हती आणि पाय जुळवून डोळे मिटले की तोल जात होता, म्हणजे बिघाड बारीक तंतूंपुरता उरलेला नव्हता. एक हजार मायक्रोग्रॅमची सुई दोन आठवडे एक दिवसाआड, मग महिनाभर आठवड्याला एक आणि पुढे महिन्याला एक, असे ठरले. पहिल्या काही आठवड्यांत मुंग्या वाढल्या आणि ते घाबरले. तसे काहींना होते. दोन महिन्यांत पेशींचा आकार पूर्ववत झाला, आग कमी व्हायला चार महिने लागले आणि अंगठ्यांतला बधिरपणा वर्षानंतरही थोडा आहे. सात दिवसांचा कोर्स या माणसाला पुरला असता असे कोणत्याच हिशेबात बसत नाही. सुई नको असेल तर रोज हजार मायक्रोग्रॅमची गोळीही बहुतेकांना चालते, पण तीही अशीच दीर्घकाळ घ्यावी लागते.

सुईसोबत मिळणाऱ्या टॉनिकांबद्दलही दोन गोष्टी आहेत. फॉलिक ॲसिड एकटेच घेतले तर रक्त सुधारते पण बी-१२ वाचून नसांचा बिघाड चालूच राहतो. विदर्भात सिकलसेलच्या रुग्णांना फॉलिक ॲसिड वर्षानुवर्षे दिले जाते, त्यांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. दुसरी गोष्ट म्हणजे नसांच्या गोळ्यांत असलेले बी-६. ते जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतले तर स्वतःच नसा बिघडवते. एक गोळी गावच्या डॉक्टरची, दुसरी तालुक्याच्या आणि तिसरी मेडिकलवाल्याने दिलेली, आणि तिन्हींत बी-६, असे पाकीट मी अनेकदा पाहतो. क्षयरोगाच्या औषधांसोबत दिलेली बी-६ ची थोडी मात्रा मात्र आवश्यक असते, ती परस्पर बंद करू नये.

दारूबद्दलचे विधान सर्वांत घातक आहे. दारू नसांना थेट विषारी आहे, शिवाय ती जेवण मारते आणि आतड्यातून बी-१ चे शोषण अडवते; बी-१ चा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. मोहाची, देशी की बाटलीतली, याने फरक पडत नाही. दोन घोट घेतले की झोप लागते हेही अर्धेच खरे आहे, कारण धुंदी उतरली की पहाटे आग परत येते. वर्ध्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे तेथला रुग्ण पितो असे सहसा म्हणत नाही आणि विचारणाराही संकोचतो. प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे, शक्यतो घरच्यांसमोर नव्हे. पिणाऱ्याला अशक्तपणासाठी थेट ग्लुकोजची सलाईन लावण्याची आपल्याकडची सवय धोक्याची आहे: बी-१ न देता ग्लुकोज गेले तर आधीच संपत आलेला साठा पूर्ण खर्च होऊन गोंधळलेपणा, डोळे तिरळे होणे आणि झोकांड्या जाणे सुरू होऊ शकते. म्हणून बी-१ आधी. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने घरीच एका दिवसात दारू तोडू नये, पहिल्या दोन दिवसांत झटके आणि त्यानंतर भ्रम होऊ शकतो. हे दवाखान्यातल्या देखरेखीखाली करावे.

थायरॉइडचा संबंध आहे, पण तो दोन्ही बाजूंनी चुकीचा सांगितला जातो. अनेक वर्षे उपचाराविना राहिलेल्या मंद थायरॉइडमध्ये नसांचा बिघाड होतो, आणि ऊती सुजून मनगटातली किंवा घोट्यातली नस दाबली गेली तर हाता-पायांना रात्री झिणझिण्या येतात. वजन वाढणे, बद्धकोष्ठता, कोरडी कातडी आणि मे महिन्यातही चादर मागणारा माणूस, ही चिन्हे सोबत असतात. पुरुषांनाही हा आजार होतो. मात्र टीएसएच सहा-सात आले की पायांची सगळी आग त्याच्या माथी मारून बी-१२ पाहायचेच नाही, ही चूकही मी तितकीच पाहतो. थायरॉइडची गोळी सुरू झालीच तर ती उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास दूर ठेवाव्यात आणि टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पाहावे.

तपासण्यांची यादी लांब नाही. रक्तातल्या पेशी आकारासह, उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, टीएसएच आणि बी-१२; जेवणानंतरची साखर सोडली तर हे सर्व एकाच वेळी घेतलेल्या रक्तातून होते, अट एवढीच की रक्त पहिल्या सुईच्या आधी घ्यावे. रात्री झोप लागावी म्हणून दिलेल्या गोळ्या आग दाबतात, नस दुरुस्त करत नाहीत, त्यामुळे त्यांनी बरे वाटले म्हणून तपासणी टाळू नये.

एक शक्यता त्या संदेशात नाही, पण चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात ती विसरता येत नाही. आग एकाच पायात असेल, कातडीवर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा असेल, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दोरीसारखी जाड लागत असेल किंवा पाऊल उचलताना लटपटत असेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. नस दुखरी झाली असेल किंवा पाऊल नव्याने लटपटू लागले असेल तर स्टेरॉइडही लागतात, आणि ते सुरू करायला काही महिन्यांचा उशीर झाला तर लटकलेले पाऊल परत उचलले जात नाही.